एन्ट्रॉपीला पसारा म्हणू नका

काही वर्षांपूर्वी भौतिकशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासायला बसलो होतो. एका गुणाचा प्रश्न होता: एन्ट्रॉपी म्हणजे काय? उत्तरसूचीत छापलं होतं, 'प्रणालीतील अव्यवस्थेचे माप'. गठ्ठ्यातल्या बहुतेकांनी तेच शब्द त्याच क्रमाने लिहिले होते आणि मीही यंत्रासारखा एकेक गुण देत चाललो होतो. मग एका पत्रिकेत हे सापडलं: 'वस्तू बाहेरून तशीच दिसत असताना आतले रेणू किती वेगवेगळ्या प्रकारे असू शकतात, त्या मोजणीवरून काढलेली राशी. एकक ज्यूल प्रति केल्विन.' मी पत्रिका घेऊन मुख्य परीक्षकांकडे गेलो. त्यांनी ती वाचली, सूची पाहिली आणि म्हणाले, "सर, यात अव्यवस्था हा शब्दच नाही. गुण कसा देणार?"

प्रश्नाचं खरं उत्तर त्या गठ्ठ्यात एकाच मुलानं लिहिलं होतं आणि शून्य त्यालाच मिळालं. तेव्हापासून माझं मत पक्कं होत गेलं आहे की पहिल्या धड्यातून 'अव्यवस्था' हा शब्द काढून टाकायला हवा. तो अपुरा आहे म्हणून चालवून घ्या, असं काही जण म्हणतात. माझी तक्रार त्याहून मोठी आहे. तो शब्द अनेक ठिकाणी उलट उत्तर देतो, आणि ते उलटं आहे हे कळू देत नाही.

एक साधं उदाहरण घेऊ. पाणी स्वच्छ असेल, भांड्याच्या आतली बाजू गुळगुळीत असेल आणि सावकाश थंड केलं, तर पाणी शून्य अंशाखाली जाऊनही द्रवच राहतं. असं उणे १० अंश सेल्सिअसचं १०० ग्रॅम पाणी एका उत्तम थर्मासमध्ये आहे असं समजा. थर्मास असा की उष्णता आत येत नाही, बाहेर जात नाही. आता त्याला एक टिचकी मारा. काही क्षणांत पाण्यातून बर्फाच्या सुया सरसरत पसरतात आणि तापमान चढून शून्यावर येऊन थांबतं. आत आता थोडा बर्फ आहे, बाकी पाणी.

किती बर्फ? १०० ग्रॅम पाणी दहा अंशांनी तापायला ४२०० ज्यूल लागतात. बाहेरून काही येत नाही, तेव्हा ही उष्णता पाण्याच्या गोठण्यातूनच यायला हवी. एक ग्रॅम पाणी गोठताना ३३४ ज्यूल सोडतं, म्हणजे साधारण साडेबारा ग्रॅम बर्फ झाला. आता एन्ट्रॉपीचा जमाखर्च मांडू. नियम इतकाच की उष्णतेला केल्विनमधल्या तापमानानं भागायचं. पाणी तापताना ४२०० ज्यूल त्याच्यात गेले, तेव्हा त्याचं सरासरी तापमान २६८ केल्विन होतं. जमा १५.७. बर्फ होताना तेच ४२०० ज्यूल बाहेर पडले, पण २७३ केल्विनला. खर्च १५.४. शिल्लक सुमारे ०.३ ज्यूल प्रति केल्विन, आणि ती अधिक आहे.

म्हणजे बंद भांड्यात, बाहेरच्या कुणाचीही मदत न घेता, सपक द्रवातून रेखीव स्फटिक उगवले आणि एन्ट्रॉपी वाढली. वाढायलाच हवी होती, नाहीतर बंद प्रणालीची एन्ट्रॉपी कधीच घटत नाही असं सांगणाऱ्या उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमानं हे होऊच दिलं नसतं. 'एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था, आणि ती नेहमी वाढते' एवढंच ज्याला शिकवलं आहे त्याला त्या थर्मासमध्ये नियमभंग दिसेल. वर्गात मी हा हिशेब न सांगता नुसतं विचारतो, एन्ट्रॉपी वाढली की घटली? हुशार मुलं आत्मविश्वासानं 'घटली' म्हणतात.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं: उरलेलं पाणी तापलं ना, त्याची अव्यवस्था वाढली, बर्फाची घटली, बेरीज अधिक आली. ठीक. पण बेरीज अधिक आली हे कशावरून कळलं? १५.७ मधून १५.४ वजा केल्यावर. डोळ्यांना सुया दिसत होत्या. पाण्याच्या ऊबदारपणात किती 'अव्यवस्था' आहे आणि ती बर्फाच्या रेखीवपणाला पुरून उरते का, हे अव्यवस्था या शब्दाकडे बघून कुणीही सांगू शकत नाही. आधी गणित करायचं आणि मग उत्तराला तो शब्द चिकटवायचा, असा हा उद्योग आहे. जो शब्द उत्तर आल्यावरच कामाला येतो तो समजावून काय देणार?

मग गणित नेमकं कशाचं होतं? रुडॉल्फ क्लॉसियसनं १८६५ साली या राशीला नाव दिलं तेव्हा त्याच्या डोक्यात रेणूंचा पसारा वगैरे काही नव्हतं. ग्रीक भाषेतल्या 'रूपांतर' अशा अर्थाच्या शब्दावरून त्यानं ते घडवलं, आणि उच्चार एनर्जीच्या जवळ जाईल असं मुद्दाम पाहिलं. त्याच्यासाठी एन्ट्रॉपी ही उष्णता आणि तापमान यांच्या भागाकारातून येणारी राशी होती. आपण वर थर्माससाठी केलं तेच. ती काय मोजते हे पुढे लुडविग बोल्ट्झमननं १८७७ मध्ये दाखवलं. व्हिएन्नातल्या त्याच्या थडग्यावर कोरलेलं सूत्र त्याच विचाराचं आहे, जरी त्या रूपात ते मांडलं माक्स प्लांकनं:

S = k log W

यातलं W म्हणजे एक संख्या. वस्तूचं आकारमान, तिची एकूण ऊर्जा, तिच्यातल्या रेणूंची संख्या या गोष्टी ठरलेल्या आहेत, आणि या अटी पाळून रेणू ज्या ज्या प्रकारे असू शकतात, जागा आणि वेग दोन्ही धरून, ते सगळे प्रकार मोजले की W मिळतं. k हा बोल्ट्झमनचा स्थिरांक, १.३८ × १०⁻²³ ज्यूल प्रति केल्विन. W अवाढव्य असतं म्हणून त्याचा e, म्हणजे साधारण २.७१८, या पायावरचा लॉगॅरिदम घ्यायचा, आणि k नं गुणलं की क्लॉसियसच्या एककात उत्तर येतं. सूत्रात एवढंच आहे. तिथे नीटनेटकेपणा कुठेही मोजलेला नाही, सौंदर्य नाही, सममिती नाही.

मोजणी म्हटली की माणसाला हात घालायला काहीतरी मिळतं. एक ग्रॅम बर्फ वितळायला ३३४ ज्यूल लागतात, त्याला २७३ नं भागलं की १.२२. यालाच ग्रॅमभर पाण्यातल्या रेणूंच्या संख्येनं आणि k नं भागलं की २.६५ येतात. e चा तितका घात करा, सुमारे १४. याचा अर्थ असा: बर्फाचं पाणी होताना दर रेणूमागे उपलब्ध प्रकारांची संख्या सरासरी चौदा पटींनी वाढते. एका रेणूमागे चौदा, दोन रेणूंमागे चौदा गुणिले चौदा, तीनमागे आणखी चौदा पट, असं ग्रॅमभर रेणूंपर्यंत गुणत जायचं. 'पाणी बर्फापेक्षा विस्कळीत असतं' हे वाक्य आणि 'दर रेणूमागे चौदा पट मोकळीक' हे वाक्य शेजारी ठेवून पाहा. मी 'मोकळीक' म्हणतो, कारण मराठीत W च्या सगळ्यात जवळ जाणारा शब्द मला तोच वाटतो. कुणाला याहून चांगला सुचला तर आनंदच आहे.

दुसरा नियम मग गूढ राहत नाही. रेणू एका प्रकारातून दुसऱ्यात सतत, आपोआप जात असतात. ज्या वर्णनात जास्त प्रकार मावतात त्या वर्णनात ते सापडण्याची शक्यता जास्त. थर्मासमधली ती ०.३ ज्यूल प्रति केल्विनची शिल्लक किरकोळ वाटते, पण k नं भागली की २ × १०²² येते, आणि W इतक्या पटींनी वाढलेलं असतं की ती पट लिहायला नुसते अंकच दहाच्या एकविसाव्या घाताच्या घरात लागतील. म्हणून ते पाणी परत उणे दहा अंशांचं एकसंध द्रव होताना कुणी पाहिलं नाही आणि पाहणार नाही.

आता त्या सुप्रसिद्ध खोलीकडे येऊ. 'तुमची खोली आवरली नाही तर पसारा वाढतो, हीच एन्ट्रॉपी' हे वाक्य पाठ्यपुस्तकांत, भाषणांत, अग्रलेखांत, व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत सगळीकडे आहे. खोली आपोआप पसरत नाही, तिला कुणीतरी पसरतं. पुस्तकं रेणूंसारखी स्वतःहून सेकंदाला अब्जावधी वेळा जागा बदलत नाहीत. ती मांडली तशी वर्षानुवर्षं राहतात, फार तर धूळ बसते. दुसरा नियम जी गोष्ट सांगतो तिची पहिली अटच इथे नाही.

पत्त्यांचं उदाहरण जरा बरं, कारण तिथे निदान मोजता येतं. ५२ पत्त्यांचे क्रम साधारण ८ × १०⁶⁷ इतके. संख्या डोळे दिपवणारी आहे. तिचा लॉगॅरिदम घेऊन k नं गुणा: २ × १०⁻²¹ ज्यूल प्रति केल्विन. तोच जोड, शंभरेक ग्रॅमचा, हातात धरून एका अंशानं गरम झाला तर त्याची एन्ट्रॉपी ढोबळमानानं ०.४ ज्यूल प्रति केल्विननं वाढते. दोनावर वीस शून्यं इतक्या पटींचा फरक. म्हणजे पत्ते पिसताना तळहाताची जी ऊब कागदात गेली तिच्यापुढे पिसण्याचा वाटा नसल्यातच जमा आहे. जोड क्रमानं लावलेला आहे की पिसलेला, याची उष्मागतिकीला दखलसुद्धा घ्यावी लागत नाही.

पत्त्यांत आणखी एक सूक्ष्म घोटाळा आहे. पिसून झालेला जोड उघडून टेबलावर मांडला. समोर एक क्रम आहे. एकच. बदाम, इस्पिक, किलवर, चौकट असा लावलेला क्रमही एकच. दोन्हींचं W एक, लॉगॅरिदम शून्य. मग एक 'विस्कळीत' का वाटतो? कारण आपण त्याला 'पिसलेला' या ढिगात टाकतो, त्याचा नेमका क्रम लक्षात ठेवत नाही. एन्ट्रॉपी एखाद्या मांडणीच्या अंगी नसते. कोणत्या गोष्टी ठरलेल्या धरल्या आणि कोणत्या मोकळ्या सोडल्या, त्या वर्णनात किती मांडण्या बसतात, याची ती संख्या असते. अव्यवस्था हा शब्द मात्र मांडणीकडे बोट दाखवतो, जणू एका छायाचित्रावरून ती वाचता येईल. मुलांच्या डोक्यात सगळ्यात खोल रुतून बसतो तो हाच गैरसमज, आणि काढायला सगळ्यात अवघडही हाच.

इथवर कुणी म्हणेल, ठीक, उदाहरणं वाईट आहेत, पण मुळात जास्त प्रकार म्हणजे जास्त विस्कळीतपणा हे खरंच ना? नाही. याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चोख उत्तर म्हणजे कडक गोळ्यांची गोष्ट, आणि ती सावकाश सांगण्यासारखी आहे.

पूर्ण कडक, एकसारखे गोळे कल्पा. ते एकमेकांना ओढत नाहीत, ढकलत नाहीत, फक्त एकमेकांत घुसू शकत नाहीत. ते एका बंद डब्यात सतत इकडेतिकडे उडत आहेत. आकर्षणच नाही, त्यामुळे एखादी मांडणी दुसरीपेक्षा ऊर्जेच्या दृष्टीनं स्वस्त पडते असा प्रश्नच येत नाही. गोळे काय करतील हे ठरवणारी गोष्ट एकच: कोणत्या प्रकारच्या मांडणीत जास्त W आहे. डबा हळूहळू आवळत नेला तर काय होईल? अव्यवस्थावाद्याला उत्तर लगेच येतं, गोळे कायम अस्ताव्यस्त राहतील, कारण त्यांना व्यवस्थित व्हायला दुसरं काही कारणच नाही.

१९५७ साली हा प्रश्न खरोखर खुला होता. त्या वर्षी एका परिषदेत, कडक गोळ्यांचा स्फटिक होईल का, यावर जमलेल्या तज्ज्ञांना हात वर करायला सांगितलं तर मतं निम्मी-निम्मी पडली. त्याच वर्षी बर्नी आल्डर आणि थॉमस वेनराइट यांनी एका पद्धतीनं, तर वुड आणि जेकबसन यांनी दुसऱ्या पद्धतीनं, त्या काळच्या संगणकांवर काही डझन ते शंभरेक गोळे फिरवून पाहिले. गोळे स्फटिक करत होते. पुढच्या काटेकोर गणितांनी आकडे पक्के केले: डब्याच्या आकारमानाचा ४९ टक्क्यांहून थोडा जास्त भाग गोळ्यांनी व्यापला की स्फटिक बनायला लागतो, आणि ५४-५५ टक्क्यांच्या पुढे समतोल अवस्था स्फटिकाचीच. कुठलाही डिंक नाही, आकर्षण नाही. त्यांना रांगेत उभं करते ती एन्ट्रॉपी.

असं का, हे कागदावर ढोबळपणे काढता येतं. गोळे कसेही ओतून, हलवून, ठासून भरले तर ते ६४ टक्क्यांच्या आसपास एकमेकांत अडकतात, त्यापुढे जात नाहीत. थराथरानं रचले तर ७४ टक्क्यांपर्यंत जातात. आता डबा ६० टक्के भरलेला आहे असं समजा. अस्ताव्यस्त मांडणी ६४ ला गच्च होणार, आपण ६० वर आहोत, म्हणजे जागा फार कमी उरली. ६४ भागिले ६० याचं घनमूळ काढलं तर शेजाऱ्यांमधलं अंतर गोळ्याच्या व्यासापेक्षा जेमतेम दोन टक्क्यांनी जास्त. रचलेल्या मांडणीत ७४ भागिले ६० याचं घनमूळ घ्यायचं, तिथे सात टक्क्यांहून जास्त फट मिळते. फट तिन्ही दिशांना असते, म्हणून दोन्ही फटींच्या गुणोत्तराचा घन करायचा: साधारण पस्तीस-चाळीस पट. प्रत्येक गोळ्याला आपल्या जागी डुलायला, सरकायला इतक्या पट जास्त जागा. रांगेत उभं राहिल्यानं गोळ्यानं काहीतरी गमावलंही, 'कुठल्याही वेड्यावाकड्या ठिकाणी असण्याची' मुभा. पण इतक्या गर्दीत त्या मुभेची किंमत दर गोळ्यामागे काही पटींचीच उरलेली असते. सौदा फायद्याचा ठरतो. मी हे अगदी कच्चं गणित सांगतोय, खरं करायला जास्त कष्ट आहेत, पण निष्कर्ष तोच निघतो. गच्च गर्दीत रांग लावली की प्रत्येकाला हात हलवायला जागा होते, हे गर्दीत उभं राहिलेल्या कुणालाही पटेल.

हे फक्त संगणकातलं नाही. १९८६ मध्ये पीटर प्युसी आणि विल्यम व्हॅन मेगन यांनी अ‍ॅक्रिलिक जातीच्या प्लास्टिकचे, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान गोळे घेतले. त्यांच्यावर एक पातळ थर असा चढवला की ते एकमेकांना चिकटू नयेत. द्रवही असा निवडला की प्रकाश गोळ्यात आणि द्रवात सारखाच वाकेल, म्हणजे गढूळपणा न राहता आतलं दिसेल. दाटपणा वाढवत नेल्यावर बाटल्यांत स्फटिक बनले आणि प्रकाशात रंगीत चकाकू लागले. दाटपणाचे आकडे गणिताशी जुळले.

पण त्यातल्या सगळ्यात दाट, ५८ टक्क्यांच्या पुढच्या बाटल्यांत स्फटिक आलेच नाहीत. गोळे काचेसारखे अडकून बसले. इथे अव्यवस्थावाद्यानं टाळी वाजवायची घाई करू नये. एन्ट्रॉपी शेवटी कुठे पोचायचं ते सांगते, किती वेळात आणि पोचता येईल का, हे सांगत नाही. तिथे जायची वाट बंद असेल तर प्रणाली मध्येच खोळंबते. नंतर अवकाशयानात केलेल्या प्रयोगात, जमिनीवर वर्षभरात जो नमुना हलला नव्हता त्याच जातीचा नमुना वजनरहित अवस्थेत दोन आठवड्यांच्या आत स्फटिक झाला. वाट थोडी मोकळी होताच गोळे जिथे जायचे तिथेच गेले. बाटली बघून 'ही विस्कळीत आहे, म्हणजे हिची एन्ट्रॉपी कमाल झाली' असं म्हणणारा इथे सपशेल फसला असता.

मी हे भौतिकशास्त्राच्या मित्रांना सांगतो तेव्हा एक जण नेहमी म्हणतो, "अरे, गोळ्यांची डुलण्यातली अव्यवस्था वाढली असं म्हण की!" म्हणता येतंच. हाच तर त्रास आहे. हेलियमच्या हलक्या प्रकाराचं, हेलियम-३ चं पाहा. ०.३२ केल्विनच्या खाली या पदार्थात घनाची एन्ट्रॉपी द्रवापेक्षा जास्त असते. इसाक पोमेरान्चुकनं हे १९५० मध्ये आधीच ओळखलं होतं. परिणाम असा की योग्य दाबाखाली त्या द्रवाला उष्णता दिली तर तो गोठतो, आणि त्याला दाबून घन केलं तर ते थंड होतं. ही शीतकरणाची पद्धत प्रत्यक्षात वापरली गेली, हेलियम-३ ची अतिप्रवाही अवस्था १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला याच मार्गानं हाती आली. कारण मोजणीत आहे: घनात अणू जाग्यावर बसलेले, पण प्रत्येकाच्या केंद्रकाच्या फिरकीला दोन्ही दिशा जवळजवळ मोकळ्या, दर अणूमागे दोन प्रकार. द्रवात क्वान्टम नियमांमुळे त्या फिरक्या आधीच एकमेकींना बांधल्या गेलेल्या. मित्र म्हणेल, बघ, फिरक्यांची अव्यवस्था! हो, पण घन आणि द्रव समोर ठेवून 'जास्त विस्कळीत कोण?' असं विचारलं असतं तर तो द्रवाकडेच बोट दाखवणार होता. बर्फात पाहायची रेणूंची जागा, गोळ्यांत पाहायचं डुलणं, हेलियममध्ये पाहायची फिरकी. कुठली अव्यवस्था धरायची हे दर वेळी मोजणीच ठरवते. मग थेट मोजणीच का शिकवू नये?

या शब्दाच्या बाजूनंही थोडं बोललं पाहिजे. तो कुणा आळशी लेखकानं घुसवलेला नाही. हेल्महोल्ट्झनं १८८२ मध्ये एन्ट्रॉपीच्या संदर्भात अव्यवस्था हा शब्द वापरला होता, आणि बोल्ट्झमनही तशीच भाषा बोलत असे. विरळ वायूंचा विचार करताना ती शोभतेही, कारण तिथे गर्दी नसते आणि रांग लावून कुणाला काही मिळत नाही. लोहचुंबक तापवला की त्याचं चुंबकत्व जातं, तिथे व्यवस्था-अव्यवस्था हे शब्द भौतिकशास्त्रज्ञ नेमक्या अर्थानं रोज वापरतात. पण तिथली 'व्यवस्था' ही वेगळी मोजायची गोष्ट आहे, एन्ट्रॉपीचं दुसरं नाव नव्हे. कडक गोळ्यांत ही दोन्ही एकाच वेळी वाढतात.

अमेरिकेत रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक फ्रँक लॅम्बर्ट यांनी साधारण या शतकाच्या सुरुवातीपासून याविरुद्ध मोहीमच चालवली. अव्यवस्थेला ते तडा गेलेली कुबडी म्हणत, आणि त्यांच्यामुळे तिथल्या अनेक पाठ्यपुस्तकांनी ती व्याख्या काढली. त्यांनी सुचवलेला पर्याय होता 'ऊर्जेचं पसरणं'. गरम कपाचं गार होणं त्यानं छान समजतं. पण मी तिथेही पूर्ण समाधानी नाही. गोळ्यांच्या डब्यात स्फटिक होताना ऊर्जा कुठून कुठे पसरली, हे सांगायला पुन्हा ओढाताण करावी लागते. एका चित्राऐवजी दुसरं चित्र देण्यापेक्षा प्रश्न द्यावा: किती प्रकारे? बारा-तेरा वर्षांच्या मुलाला चार नाणी देऊन दोन छापे येण्याचे सहा प्रकार आणि चारही छापे येण्याचा एकच प्रकार मोजायला लावता येतं. त्याला लॉगॅरिदम नंतर शिकवा.

वर्गाबाहेर या शब्दानं केलेलं नुकसान मला जास्त बोचतं. 'दुसऱ्या नियमानुसार सगळं विस्कळीत होत जातं, मग साध्या रेणूंतून जीवसृष्टी आपोआप कशी उभी राहिली?' हा युक्तिवाद उत्क्रांतीच्या विरोधात वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याला ठरलेलं उत्तर असं: पृथ्वी बंद डबा नाही, सूर्याकडून ऊर्जा येते, आपण अवकाशात उष्णता टाकतो, एकूण एन्ट्रॉपी वाढतेच. उत्तर बरोबर आहे. सूर्याचा प्रकाश सुमारे ५८०० केल्विनच्या पृष्ठभागावरून येतो आणि पृथ्वी साधारण २५५ केल्विनच्या वस्तूसारखी तो परत पाठवते, म्हणजे तितक्याच ऊर्जेबरोबर वीसेक पट एन्ट्रॉपी बाहेर जाते. हिशेबात भरपूर शिल्लक आहे.

पण हे उत्तर देताना आपण समोरच्याचं गृहीतक निमूटपणे मान्य करून टाकतो, की डबा बंद असता तर रचना उभी राहूच शकली नसती. तिथे सूर्यापर्यंत जायच्या आधी त्याला तो थर्मास दाखवावा. झाकण घट्ट, आत येणारं काही नाही, बाहेर जाणारं काही नाही, आणि टिचकी मारल्याबरोबर आत बर्फाच्या सुया.